खेळत्या भांडवलाचा अंदाज: दिवसांनी गुणलं तर एक उत्तर, टप्प्यांनी मांडलं तर दुसरं

निळीशाई

एका उत्पादन युनिटसाठी पुढच्या वर्षाच्या खेळत्या भांडवलाचा अंदाज काढते आहे. दोन रस्त्यांनी गेले आणि दोन वेगळी उत्तरं आली. फरक किरकोळ नाही, म्हणून इथे मांडते.

रोज २०० नग तयार होतात, तेवढेच विकले जातात. एका नगाला कच्चा माल ५०, मजुरी २०, रोख वरखर्च १५ आणि घसारा ५ रुपये. विक्री १०० ला, सगळी उधारीवर. हिशेबाच्या सोयीसाठी वर्ष ३६० दिवसांचं धरलं आहे.

कच्चा माल सरासरी ३० दिवस गोदामात पडून असतो. प्रक्रियेत १५ दिवस जातात. तयार माल २० दिवसांनी बाहेर पडतो. ग्राहकाचे पैसे ४५ दिवसांनी येतात. उलट बाजूला पुरवठादार आपल्याला ३० दिवसांची उधारी देतो. मजुरी महिना संपला की लगेच चुकती होते, म्हणजे सरासरी १५ दिवस मागे. वरखर्चाची बिलं पुढच्या महिन्याच्या मध्याला भरतो, म्हणजे सरासरी ३० दिवस मागे.

पहिला रस्ता: ३० + १५ + २० + ४५ = ११० दिवस, त्यातून पुरवठादाराचे ३० गेले, उरले ८०. घसारा वगळून दिवसाचा खर्च १७,०००. म्हणून ८० × १७,००० = १३,६०,०००.

दुसरा रस्ता, टप्प्याटप्प्याने:

कच्चा माल: ३० × १०,००० = ३,००,०००
प्रक्रियेतला माल: साहित्य पूर्ण, मजुरी आणि वरखर्च निम्मे = २,०२,५००
तयार माल: २० × १७,००० = ३,४०,०००
येणी, खर्चाच्या किमतीला: ४५ × १७,००० = ७,६५,०००
बेरीज १६,०७,५००

वजा पुरवठादाराची देणी ३,००,०००, मजुरी ६०,०००, वरखर्च ९०,०००, मिळून ४,५०,०००. निव्वळ ११,५७,५००.

त्यावर रोख रकमेची सुरक्षा म्हणून १० टक्के धरायला सांगितलं आहे. पण आधी हे कळू दे की १० टक्के कशावर धरायचे. १३.६० वर की ११.५७ वर?

सरळव्याज

फरक काढून पाहिलात का? १३,६०,००० वजा ११,५७,५०० म्हणजे २,०२,५००. तुमच्या प्रक्रियेतल्या मालाची किंमतही नेमकी २,०२,५००. म्हणजे एका रस्त्यात प्रक्रियेतला माल दोनदा आला आहे किंवा दुसऱ्यात कुठेतरी तो गळून पडला आहे. तिथे शोधा.

दुसरं, येणी खर्चाच्या किमतीला धरणं मला पटत नाही. ग्राहकाकडे ९,००,००० अडकलेत, ४५ × २०,०००. ताळेबंदात तेवढेच दिसणार. मग अंदाजात ७,६५,००० का?

कोरापान

मध्येच विचारतो, परीक्षेची तयारी चालू आहे. ही सुरक्षेची रक्कम म्हणजे बँक मागते ते मार्जिन मनीच ना? आमच्याकडे २५ टक्के शिकवलं होतं.

उत्तररात्र

कोरापान, ती वेगळी गोष्ट आहे. बँकेचं मार्जिन म्हणजे गरजेतला जो वाटा मालकाने स्वतः उभा करायचा तो. गरज किती हे आधी ठरतं, मग त्यातला किती भाग कोणी आणायचा हा प्रश्न येतो. निळीशाई म्हणताहेत ती रोख सुरक्षा मुळात गरजेच्या आकड्याच्या आत बसते. दोन्ही एकत्र करून २५ टक्के वाढवले तर गरजही फुगेल आणि तुमचा वाटाही.

परीक्षेच्या प्रश्नात आणखी एक बारकावा असतो, भाषा नीट वाचा. "निव्वळ गरजेवर १० टक्के वाढवा" असं असेल तर १,१५,७५० मिळवायचे, एकूण १२,७३,२५०. "एकूण खेळत्या भांडवलाच्या १० टक्के रोख हवी" असं असेल तर ११,५७,५०० ला ०.९ ने भागायचं, एकूण १२,८६,१११. पहिल्यात रोख रक्कम आधीच्या बेरजेच्या दहा टक्के आहे, दुसऱ्यात ती स्वतःला धरून झालेल्या बेरजेच्या दहा टक्के.

ताळा

निळीशाई, तुमच्या दोन्ही बेरजा गणित म्हणून बरोबर आहेत. सरळव्याज यांना दिसलेला २,०२,५०० चा मेळ मात्र निव्वळ योगायोग आहे आणि तो फसवा आहे. पडताळायचं असेल तर प्रक्रियेचे दिवस १५ ऐवजी १० करून पाहा. प्रक्रियेतला माल १,३५,००० वर येतो. टप्प्यांचं उत्तर १०,९०,००० होतं, गुणाकाराचं १२,७५,०००. फरक १,८५,०००. मेळ तिथेच तुटला.

खरा फरक कुठून येतो ते बघण्यासाठी टप्पे उभे मांडण्याऐवजी खर्चाचा एकेक घटक आडवा धरा. प्रत्येक रुपया खिशातून कधी बाहेर पडला आणि परत कधी आला एवढंच विचारा.

कच्च्या मालाचा रुपया चारही टप्प्यांत फिरतो, ११० दिवस. त्यातले ३० पुरवठादार सांभाळतो. आपण ८० दिवस सांभाळतो. ८० × १०,००० = ८,००,०००.

मजुरीचा रुपया गोदामात नव्हताच. तो प्रक्रियेत शिरतो, आणि १५ दिवसांत हळूहळू शिरतो म्हणून सरासरी साडेसात दिवस. पुढे तयार माल २०, येणी ४५. झाले ७२.५. पण कामगाराला आपण १५ दिवस उशिरा देतो. उरले ५७.५. गुणिले ४,००० म्हणजे २,३०,०००.

वरखर्चाचा रुपयाही तसाच ७२.५, पण तिथे ३० दिवसांची सवलत. उरले ४२.५. गुणिले ३,००० म्हणजे १,२७,५००.

तिघांची बेरीज ११,५७,५००. तुमचं टप्प्यांचं उत्तर पैशापैशाने जुळलं. मी स्वतः कुठलाही अंदाज असा दोन बाजूंनी काढल्याशिवाय पुढे देत नाही, कारण एका बाजूची गफलत दुसऱ्या बाजूला लगेच उघडी पडते.

आता ८० दिवसांनी १७,००० ला गुणलं तेव्हा काय झालं ते दिसेल. मजुरीलाही ८० दिवस लावले गेले, २२.५ जास्त, म्हणजे ९०,०००. वरखर्चाला ३७.५ जास्त, १,१२,५००. तुमचे दोन लाख दोन हजार पाचशे इथे आहेत. कच्च्या मालाचं चक्र सगळ्या खर्चावर चढवलं गेलं. ज्या धंद्यात जवळपास सगळा खर्च साहित्याचाच असतो तिथे हा गुणाकार फार चुकत नाही. मजुरी आणि वरखर्च जितके जड, तितका तो बहकतो. म्हणून १० टक्के ११.५७ वर.

सरळव्याज

योगायोग मान्य. घटकवार मांडणी आवडली. पण येण्यांचा मुद्दा राहिला.

ताळा

त्यात तुमचं अर्धं बरोबर आहे. ताळेबंदात ९,००,००० च दिसतील. पण अंदाज काढताना प्रश्न हा असतो की या येण्यांमध्ये माझं खिशातलं किती गेलं आहे. ग्राहकाकडच्या १०० रुपयांत माझे रोख ८५ आहेत. उरलेल्या पंधरातले ५ घसाऱ्याचे, ते यंत्र घेतलं तेव्हाच गेले, आणि १० नफ्याचे, ते मी कुणाला दिलेलेच नाहीत. त्यांना भांडवल कशाला लागेल?

मात्र यात एक गृहीतक लपलेलं आहे: नफा आणि घसाऱ्याचा पैसा हातात आल्यावरच कुठेतरी जातो. मालक दर महिन्याला ठरावीक उचल करत असेल, किंवा यंत्राच्या कर्जाचा हप्ता घसाऱ्याच्या जिवावर भरला जात असेल, तर वसुलीची वाट न बघता तो पैसा बाहेर पडतो आहे. मग तेवढ्यापुरती येणी विक्रीच्या किमतीकडे सरकवावी लागतात. विक्रीवरचा कर वसुलीआधीच भरावा लागत असेल तर तोही खराखुरा रोख खर्च आहे, त्याचे दिवस स्वतंत्र मोजा.

दिवस काढताना अजून एक जपा. पुस्तकातली येणी ९,००,००० आहेत. त्यांना दिवसाच्या विक्रीने, २०,००० ने, भागलं तर ४५ दिवस येतात. चुकून दिवसाच्या खर्चाने, १७,००० ने, भागलं तर जवळपास ५३ येतात. मग कुणी ते ५३ घेऊन पुन्हा १७,००० ने गुणतो आणि ९,००,००० वर परत येतो, समाधानाने की ताळा जमला. वर विक्रीची किंमत असेल तर खालीही विक्रीचीच हवी.

गोदामवाला

कागदावर सगळं छान आहे. माझा प्रश्न असा की हे ३० दिवस आले कुठून? खरेदीच्या कराराकडे बघून की गोदामाच्या नोंदीतून?

मी गोदाम सांभाळतो. वर्षअखेरीचा साठा भागिले रोजचा वापर करून लोक ३० म्हणतात. पण त्या साठ्यात काय आहे ते कुणी उघडून बघत नाही. समजा ३,००,००० च्या साठ्यातला ९०,००० चा माल असा आहे की तो वर्षभर हललेला नाही. जुन्या मापाचा, जुन्या डिझाइनचा. मग खरा फिरता साठा २,१०,००० चा, म्हणजे २१ दिवसांचा. पैसे ९०,००० चेही अडकलेत हे खरं, पण ते रोजच्या वापराबरोबर वाढत नाहीत. उद्या उत्पादन २० टक्क्यांनी वाढवायचं ठरलं आणि तुम्ही ३० दिवस धरून गुणलं, तर पडून राहिलेल्या मालालाही २० टक्के वाढ देऊन बसाल.

आणि वर्षअखेरीचा आकडा एकटा धरू नका. त्या वेळी लोक खरेदी रोखून साठा कमी दाखवतात, किंवा वसुलीला जोर लावून येणी खाली आणतात. बारा महिन्यांच्या शेवटच्या तारखांची सरासरी घ्या.

निळीशाई

चांगला मुद्दा. नोंदी मागवल्या. ९०,००० नाही, पण न हललेला माल आहे खरा, तो वेगळा लिहून घेतला. बारा महिन्यांची सरासरी ३० च्या आसपास येते, त्यामुळे या हिशेबापुरते ३० ठेवते.

ग्राहकांकडे पाहिलं तर गोष्ट वेगळी दिसते. सरासरी ४५ आहे, पण एका ग्राहकाकडे विक्रीचा ३० टक्के भाग जातो. त्याने एकदा २० दिवस उशीर केला होता. आता हे १० टक्के, १,१५,७५०, त्याला पुरतील का?

पाऊलवाट

माझंही विचारून घेते. माझा व्यापार आहे, उत्पादन नाही. वर्षातली बहुतेक विक्री चार महिन्यांत होते, त्याआधी दोन महिने माल भरून ठेवावा लागतो. मी हीच पद्धत वापरून वर्षाच्या सरासरीने आकडा काढला आणि माल भरायच्या महिन्यात पैसे कमीच पडतात. यात सुरक्षेची टक्केवारी वाढवली की भागेल का?

ताळा

पाऊलवाट, नाही भागणार, आणि टक्केवारीवर जाऊही नका. कार्यचक्राची ही पद्धत धरून चालते की रोज तेवढंच येतं आणि तेवढंच जातं. तुमच्याकडे ते गृहीतकच नाही. तुम्ही महिनावार रोख आवक-जावक मांडा, ज्या महिन्यात एकत्रित तूट सर्वांत खोल जाते तो तुमचा आकडा. दिवस मात्र हेच वापरा, म्हणजे कुठल्या महिन्याच्या विक्रीचे पैसे कुठल्या महिन्यात पडतील ते ठरवायला.

आता निळीशाईंचा प्रश्न.

तो ग्राहक रोज ६,००० चा माल घेतो. २० दिवस थांबला तर १,२०,००० ची आवक लांबली. त्यात तुमचा रोख खर्च ८५ टक्के, म्हणजे १,०२,०००. नफा आणि घसारा धंद्यातच राहत असतील तर जादा गरज १,०२,००० ची, तुमचे १,१५,७५० पुरतात. उचल आणि हप्ता यांत ते आधीच बांधले गेले असतील तर भोक १,२०,००० चं, आणि १० टक्के थोडक्यात अपुरे. तेव्हा हा आकडा नफ्याच्या वाटेवर ठरतो.

पण ही रक्कम पुरेल असं म्हणण्याआधी आणखी एक गोष्ट बघायला हवी, आणि बहुतेक अंदाज इथेच कमी पडतात.

तुमची मजुरीची देणी ६०,००० ही सरासरी आहे. प्रत्यक्षात महिन्याच्या पहिल्या दिवशी ती शून्य असतात, रोज ४,००० ने वाढतात आणि पगाराच्या आदल्या क्षणी १,२०,००० असतात. पगार झाला की पुन्हा शून्य. म्हणजे पगार दिल्याबरोबर कामगारांकडून मिळालेली उधारी संपते आणि त्या दिवशी तुमची गरज सरासरीपेक्षा ६०,००० ने जास्त असते. ११,५७,५०० नाही, १२,१७,५००.

हे दर महिन्याला होणार आहे. त्यात अनिश्चित काहीच नाही. तुमच्या १,१५,७५० मधले ६०,००० पगाराच्या दिवशी खर्ची पडलेलेच असतात. खऱ्या अडचणीसाठी उरतात ५५,७५०. तो ग्राहक नेमका पगाराच्या आठवड्यात थांबला तर ५५,७५० मध्ये १,०२,००० बसत नाहीत.

सरळव्याज

पण मग वरखर्चाचंही तसंच होईल. दोन्ही मिळवले तर आकडा आणखी वर जाईल.

ताळा

दोन्हींचे चढ मिळवायचे नाहीत, तारखा बघायच्या. वरखर्च १५ तारखेला भरतात असं निळीशाई म्हणतात. भरायच्या आधी ४५ दिवसांचा साठलेला असतो, १,३५,०००. भरल्यावर १५ दिवसांचा उरतो, ४५,०००. सरासरी ९०,०००, म्हणजे त्या दिवशी गरज ४५,००० ने वर. पण १५ तारखेला मजुरीची देणी नेमकी सरासरीवर, ६०,००० वर असतात. आणि पगाराच्या दिवशी वरखर्चाची देणी ३० दिवसांची, ९०,०००, म्हणजे तीही सरासरीवर. चढ एकमेकांवर येत नाहीत. सर्वांत मोठा चढ ६०,००० चाच राहतो.

त्यांनी उद्या सोयीसाठी वरखर्चाची तारीखही पगाराच्या दिवसावर आणली तर मात्र चित्र बिघडेल. उधारीचे १५ दिवसही जातील आणि दोन्ही चढ एका दिवसावर येतील. बिलं भरायची तारीख हलवताना हे कुणी मोजत नाही.

मी सुरक्षा दोन तुकड्यांत काढतो. ठाऊक असलेला चढ: ६०,०००. मोठ्या ग्राहकाचा उशीर, नफा आत राहतो असं धरून: १,०२,०००. मिळून १,६२,०००, म्हणजे निव्वळ गरजेच्या साधारण १४ टक्के. एकूण १३,१९,५००. टक्केवारी शेवटी येते, आधी नाही.

गोदामवाला

यात एक सांगतो. कच्च्या मालाच्या ३० दिवसांत आम्ही १० दिवसांचा साठा पुरवठा अडकला तर म्हणून ठेवलेला असतो. पुरवठ्याच्या भीतीपोटी रोख रकमेतही वेगळी तरतूद केली तर एकाच भीतीसाठी दोनदा पैसे अडकतात. ताळा यांच्या दोन तुकड्यांत ते आलेलं नाही ते बरं.

सरळव्याज

एक मुद्दा मला अजून खटकतो. प्रक्रियेत मजुरी निम्मी धरली. प्रत्येक कारखान्यात निम्मीच का?

गोदामवाला

निम्मी नसतेच नेहमी. काम १५ दिवसांवर सारखं पसरलेलं असेल तर निम्मी. आमच्याकडे जोडणी पहिल्या तीन दिवसांत होते, बरीचशी मजुरी तिथेच लागते आणि पुढचे दिवस माल सुकत आणि तपासणीत पडून असतो. आमची मजुरी ८०-९० टक्के धरली तर सत्याच्या जवळ. उलट काही ठिकाणी माल आधी मुरत ठेवतात आणि हात शेवटी लागतो, तिथे ती निम्म्याच्याही खाली. निळीशाई, एकदा शॉपफ्लोअरवर जाऊन बघा.

निळीशाई

पाहिलं. काम बऱ्यापैकी सारखं चालतं, निम्मं चालेल. तशीही इथे पूर्ण मजुरी धरली तर फरक ३०,००० चा आहे, ग्राहकाच्या उशिरापुढे लहान.

१,६२,००० ची गोष्ट पटली. आमच्या वरिष्ठांचं म्हणणं असं की एवढी रोख खात्यात बसवून ठेवायची गरज नाही. बँकेची मर्यादा मंजूर करून घ्यायची, त्यातली १,६२,००० न वापरता ठेवायची. व्याजही लागणार नाही. यात अडचण काय?

उत्तररात्र

पगाराच्या चढासाठी हे उत्तम आहे. तारीख ठाऊक, रक्कम ठाऊक, दोन आठवड्यांत परत खाली येणार. तिथे रोख बसवून ठेवणं मलाही उधळपट्टी वाटते.

ग्राहकाच्या उशिरासाठी मी सावध राहीन. मी अशी खाती बघितली आहेत. कागदावर मंजूर मर्यादा आणि त्या महिन्यात प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी असतात. उचलता येणारी रक्कम साठा आणि येणी यांवरून दर महिन्याला नव्याने काढली जाते, आणि ठरलेल्या दिवसांपेक्षा जुनी येणी त्यातून वगळतात. समजा वगळण्याची सीमा ६० दिवसांची आहे. तुमचा ग्राहक ६५ दिवसांवर गेला की त्याची ६० च्या पलीकडची पाच दिवसांची बिलं, ३०,००० ची, हिशेबातून बाहेर. तुम्हाला जास्त उचल हवी असते त्याच महिन्यात आधार कमी होतो. ३०,००० ही मोठी रक्कम नाही. पण तो ९० दिवसांवर गेला तर १,८०,००० ची बिलं वगळली जातात. उशीर जितका मोठा, तितकी न वापरलेली मर्यादा आक्रसते.

म्हणून माझं मत: ६०,००० मर्यादेत ठेवा, १,०२,००० मधला निदान निम्मा भाग खरोखर हाताशी ठेवा, मुदत ठेवीत का होईना जी एका दिवसात मोडता येईल.

सरळव्याज

निम्माच का? हा आकडा कुठून आला?

उत्तररात्र

आकड्याला सूत्र नाही, अनुभवाचा आहे. ज्यांचा मोठा ग्राहक उशीर करतो पण बुडवत नाही त्यांच्यासाठी निम्मा पुरेसा वाटतो. ग्राहकाची स्वतःची परिस्थिती डळमळीत असेल तर मी पूर्ण म्हणेन.

ताळा

मी पूर्णच ठेवेन. अर्धी रोख ठेवून वाचलेलं व्याज आणि पगार दोन दिवस लांबला तर होणारं नुकसान, यांत मला दुसरं जड वाटतं. इथे आपलं एकमत होणार नाही.

निळीशाई

ठीक, दोन्ही पर्याय व्याजासकट मांडून वरिष्ठांपुढे ठेवते. त्याआधी शेवटचं. आपण सगळा वेळ ग्राहकाच्या उशिरावर बोललो. पुरवठादाराने ३० दिवसांची उधारी १५ वर आणली तर?

ताळा

१५ × १०,००० = १,५०,०००. एका फटक्यात, आणि कायमचे. आत्ता धरलेल्या जवळपास सगळ्या सुरक्षेएवढे. पण ते सुरक्षेत घालू नका. उशीर येतो आणि जातो, बदललेली अट तशीच राहते. अट बदलली की मूळ अंदाजच नवा: साहित्याचं चक्र ८० ऐवजी ९५ दिवस, निव्वळ गरज १३,०७,५००.

सरळव्याज

इथे मी सहमत नाही. अट बदलली हे तुम्हाला तीन महिने आधी कळवून येत नाही. आणि ती बहुधा तेव्हाच बदलते जेव्हा तुमची देणी दोन-तीनदा उशिरा गेलेली असतात, म्हणजे ग्राहकाने पैसे अडवल्यानंतरच. दोन्ही घाव एकत्र येतात. पहिल्या महिन्याचे १,५०,००० कुठून देणार? नवा अंदाज मांडून मंजूर होईपर्यंत पगाराची तारीख आलेली असते.

उत्तररात्र

सरळव्याज म्हणतात तो क्रम मी खात्यांमध्ये पाहिला आहे. पण १,०२,००० आणि १,५०,००० दोन्ही कायम बाजूला ठेवायचे म्हटलं तर सुरक्षा निव्वळ गरजेच्या पाचव्या भागाच्या वर जाते आणि लहान युनिटला ते झेपत नाही. निळीशाई, पुरवठादार किती आहेत आणि सर्वांत मोठ्याकडून किती टक्के माल येतो ते सांगा. एकाकडूनच असेल तर सरळव्याज यांचं ऐका. चार-पाच जणांत वाटलेला असेल तर सगळे एकदम उधारी तोडत नाहीत, मग ताळा यांची पद्धत चालते.

निळीशाई

तीन आहेत, एकाकडून साधारण ६० टक्के.

सरळव्याज

मग किमान त्याचे ९०,००० मोजा. १५ दिवस, रोजचे ६,०००. योगायोगाने तुमच्या मोठ्या ग्राहकाची रोजची खरेदीही ६,००० चीच आहे, त्या दोन आकड्यांची गल्लत करू नका. एक विक्रीच्या किमतीला आहे, दुसरा खरेदीच्या.

ताळा

९०,००० मोजायला माझी हरकत नाही, पण वेगळ्या ओळीवर लिहा, "पुरवठादाराची अट बदलल्यास" असं. सुरक्षेच्या १,६२,००० मध्ये मिसळलं की सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येणार नाही की कुठला पैसा कशासाठी ठेवला होता.